मावशीला ठेवून घेऊ का?

मावसभावाचा फोन आला तेव्हा मी एका ट्रक ड्रायव्हरशी भांडत होते. कळंबोलीतल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात माझं निम्मं काम भांडणाचंच असतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मावसभाऊ म्हणाला, "आईच्या डोल्याचा ऑपरेशन ठरलाय. पनवेललाच. सोमवारी. तुझ्याकडं आनून सोडतो. आठ दिवसांनी परत दाखवायचाय, तंवर राऊ दे तिला. हितं ती काय गप बसायची नाय."

मी म्हटलं, "सोड की. विचारतोस काय?"

खरं तर त्यानं विचारलं नव्हतंच. आमच्यात विचारत नाहीत. करंजा बंदरातल्या आमच्या लोकांत माणूस येतो, पिशवी ठेवतो, पाणी पितो आणि मग का आला ते सांगतो. मोतीबिंदू झालेली ही मावशी तर माझी दुसरी आईच. माझी आई लांबलेल्या आजारपणात अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दोन वर्षं मी मावशीच्या घरात वाढले. तिनं मला कधी विचारलं नाही की बाई, तू किती दिवस राहणार. मग मी काय तिला ठेवून घ्यायला नाही म्हणू?

फोन ठेवला आणि तेव्हा कुठे मला आठवलं की घर माझं एकटीचं नाही.

नवीन पनवेलमधला आमचा फ्लॅट दोन खोल्या, हॉल, किचन आणि एकच बाथरूम असा. एका खोलीत मी, दुसरीत माझी फ्लॅटमेट. लातूरकडची मुलगी, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, आणि कायम रात्रपाळी, कारण रात्रपाळीला भत्ता मिळतो आणि घरी धाकटी बहीण शिकतेय. ती सकाळी घरी येते, आंघोळ करते, दोन घास खाते आणि पडदे ओढून झोपते ती चार वाजता उठते. मी संध्याकाळी येते, ती आठला निघते. आमची मैत्री त्या मधल्या दोन तासांतली, चहाची. तेवढ्यात आम्ही जगातल्या सगळ्यांची निंदा उरकतो. ती बोलायला हळू, पण एकदा बोलली की शब्द बदलत नाही. मी उलटी. मी आधी बोलते आणि मग बघू.

त्या संध्याकाळी मी येताना तिच्या आवडीचे सामोसे आणले. चहा मीच टाकला, आलंसुद्धा किसून घातलं. तिनं एकदा सामोशाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"कुठं काय? माझी मावशी नाही का, करंजाची? तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे सोमवारी. इथंच, स्टँडच्या जवळ. तर ती येतेय आपल्याकडे. चालेल ना तुला?"

ती चहा ढवळत राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तू विचारतेयस की सांगतेयस?"

मी म्हटलं, "विचारतेय."

"मग मला उद्यापर्यंत वेळ दे," ती म्हणाली, "विचार करून सांगते." सामोसा संपवला, कप धुतला आणि ड्युटीवर निघून गेली.

माझा तिळपापड झाला. विचार? म्हाताऱ्या बाईला डोळ्याच्या ऑपरेशनला घरात घ्यायला विचार? मी एकटीच स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. भाडं मीपण निम्मं देते. उद्या माझी आई आली तरी अर्ज करायचा का मी? मनातल्या मनात मी तिला इतकं सुनावलं की पोळी करपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा तिनं केला. हात पुसत समोर बसली आणि म्हणाली, "मावशी येऊ देत. मला आवडेल. पण मला काय जमेल आणि काय जमणार नाही ते आधीच सांगते. म्हणजे नंतर माझं तोंड वाकडं होणार नाही."

"सांग," मी म्हटलं. माझं तोंड आधीच वाकडं होतं.

"त्या तुझ्या खोलीत झोपतील ना? हॉलमध्ये नको. मी सकाळी येते तेव्हा मला हॉलमध्ये पाय पसरून बसायचं असतं, कुणाशी न बोलता. आणि आल्या आल्या बाथरूम मला लागतं, हॉस्पिटलचे कपडे काढून आंघोळ केल्याशिवाय मी कशाला हात लावत नाही. ती वेळ मोकळी ठेवा. मग मी झोपले की चारपर्यंत आवाज नको. टीव्ही नको, मिक्सर नको, फोन स्पीकरवर नको."

मावशीचा आवाज मला ठाऊक होता. मासळीच्या लिलावात उभं आयुष्य गेलेली बाई ती. धक्क्यावरून हाक मारली तर होडीवरचा माणूस ओ देतो.

"सुकट, बोंबील काही भाजायचं असेल तर मी उठल्यावर. मी मटण खाते, तुला माहितीये, पण झोपेत सुक्या मासळीचा वास आला की मला मळमळतं. खिडक्या उघडून संध्याकाळी खुशाल करा. आणि डोळ्यात ड्रॉप घालायला दुपारी तू नसशील. चारनंतरचे मी घालेन. त्याआधीचे नाही, मला उठवायचं नाही. मी लॅबवाली आहे, नर्स नाही, तेव्हा डोळा लाल झाला, दुखला, तर डॉक्टरांना फोन तू करायचा."

"पहिले दोन दिवस मी रजा घेतलीय," मी म्हटलं. "आणि जेवणाआधीचे घालायला मी रोज येऊन जाईन. कळंबोली काय लांब आहे?"

"छान. घरमालकांना मेसेज टाकशील? ॲग्रिमेंटमध्ये आहे, पाहुणा मुक्कामाला असेल तर कळवायचं. खाली वॉचमनकडेपण नाव लिहून ठेव." मग म्हणाली, "आणि पुढच्या सोमवारची तपासणी झाली की त्या त्याच दिवशी घरी जातील ना?"

झालं! माझा बांध फुटला. "हे बघ, बाकी सगळं ठीक आहे. पण आमच्यात पाहुण्याला 'कधी जाणार' असं विचारत नाहीत. जीभ झडली तरी विचारत नाहीत!"

"मी त्यांना नाही विचारत," ती म्हणाली. "तुला विचारतेय."

मग तिनं मला कामोठ्याची गोष्ट सांगितली. दीड वर्ष एका छताखाली राहून मला ती माहीत नव्हती. माझ्याआधी ती कामोठ्याला एका मुलीबरोबर राहायची. त्या मुलीचा भाऊ नोकरी शोधायला आला, दोन दिवसांसाठी. चांगला मुलगा होता, तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. पण दोन दिवसांचा पावसाळा झाला आणि पावसाळ्याची दिवाळी झाली. दिवसभर हॉलमध्ये फोन, मित्र, क्रिकेट. जायचं कधी हे त्याला कुणी विचारेना, आणि हिला तर तोंडच उघडता येईना, कारण आल्या दिवशी तिनंच हसून "राहू दे की" म्हटलं होतं. शेवटी ही ड्युटी संपल्यावर हॉस्पिटलच्या स्टाफ रूममध्ये खुर्चीवर झोपायला लागली. एका रात्री एका पेशंटच्या रक्ताच्या बाटलीवर दुसऱ्याचं लेबल लावून बसली. सिनियरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

"मला झोप नाही मिळाली तर माझ्या हातून कुणाचं तरी वाईट होईल," ती म्हणाली. "परत तसं व्हायला लागलं तर मी हे घर सोडेन. तुझ्यावर रागावून नाही. पण सोडेन."

मला तिचं घर सोडणं नको होतं. शिव्याशाप ऐकूनही चहाला थांबणारी अशी मुलगी मला परत कुठं मिळणार? पण मावशीला तारीख सांगायची म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं.

"सोमवारपर्यंत," मी म्हटलं. "त्या संध्याकाळी भाऊ न्यायला येईल. आणि काही अडलं तर मी आधी तुझ्याशी बोलेन."

"बस," ती म्हणाली. आणि मग हसली. "आता त्यांना गादी कुठली देणार ते सांग. तुझी ती लोळागोळा झालेली नको देऊस. माझ्याकडे एक जास्तीची आहे."

रविवारी मावशी आली. भावानं पिशव्या वर आणून ठेवल्या, पाणी प्यायला आणि गेला. मावशीनं घर पाहिलं, माझ्या गॅलरीतली वाळलेली तुळस पाहून मला दोन शिव्या दिल्या आणि खोलीत जाऊन बसली. आता सांगायचं होतं. मी सुरुवात केली, "मावशी, ती माझी मैत्रीण आहे ना, ती रात्रीची कामाला जाते, दिवसा झोपते, तर..." आणि अडखळले. वाटलं, हिला आता वाटणार, पोरीला मी जड झाले.

"तर आवाज करू नको, असाच ना?" मावशी म्हणाली. "बरा. अजून काय?"

मी सगळं सांगितलं. बाथरूम, सुकट, ड्रॉप, सगळं. तारीख तेवढी गाळली. मावशी ऐकत होती, डोक्याला पदर नीट करत होती. तिला वाईट वाटलंय की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कुणाच्या बापालाही कळलं नसतं.

सोमवारी ऑपरेशन झालं. आत गेली काय आणि बाहेर आली काय, माझा चहासुद्धा संपला नव्हता. डोळ्यावर पट्टी, त्यावर प्लास्टिकची जाळी. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं: खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, धूर-धूळ नाही, डोळा चोळायचा नाही, झोपताना जाळी लावायचीच. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मावशीनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "अगो, किती काली पडलीस!"

म्हणजे ऑपरेशन यशस्वी.

मग सुरू झालं आमचं ड्रॉपपुराण. दोन बाटल्या. हात साबणानं धुवायचे, खालची पापणी ओढायची, एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. पाच मिनिटं थांबून दुसरा. मावशी दर वेळी डोळा गच्च मिटायची आणि थेंब गालावर. मी ओरडायचे. ओरडायचे म्हणजे काय, खोलीचं दार लावून तोंडातल्या तोंडात ओरडायचे, त्यात मजाच येत नाही. फ्लॅटमेटनं पहिल्याच संध्याकाळी मावशीला सांगितलं, "वर पंख्याकडे बघा आणि तुमच्या घरातल्या सगळ्या माणसांची नावं सांगा." मावशी नावं घेत बसली, तेवढ्यात थेंब पडलासुद्धा. नावं इतकी होती की दोन्ही बाटल्या झाल्या तरी संपली नाहीत.

दोघींचं जमलं. मावशी सकाळी लवकर आंघोळ उरकून बाथरूम मोकळं करून ठेवायची, फरशीसुद्धा पुसून. फ्लॅटमेट कामावरून आली की ही खोलीतून बाहेरच येत नसे. मी म्हटलं, "अगं, निदान 'आलीस का' तरी म्हण."

"कशाला? दमून आलेल्या मान्साला बोलवू नये. संध्याकाली बोलन."

मी रजा संपवून ऑफिसला जायला लागले. आणि गुरुवारी ती गोष्ट झाली, जिचा विचार आमच्या दोघींपैकी कुणीच केला नव्हता. फ्लॅटमेटला ती माहीतच नव्हती, आणि मी, करंजाची पोर, ती साफ विसरले होते. आमच्यात आजारी माणसाला बघायला येतात. एकटंदुकटं नाही येत. गाडी करून येतात. आणि आधी कळवायचं कशाला? आजारी माणूस जातंय कुठं!

दुपारी मला शेजारच्या बाईंचा फोन. "तुमच्याकडे कुणी येणार होतं का? खाली गेटवर एक गाडी उभी आहे. बऱ्याच बायका आहेत. शहाळी घेऊन."

मी पाहुणी एक सांगितली होती. आणि आता अख्खी आळी! त्या बायका म्हणजे काय, प्रत्येकीचा आवाज मावशीला भारी. लिफ्टमधून निघतानाच "अगो, कुठं हाय ती?" सुरू होणार. मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं: खोलीचं दार उघडलंय, फ्लॅटमेट सुजल्या डोळ्यांनी उभी आहे. आणि महिन्याच्या अखेरीला बॅग भरतेय. मी मावशीला फोन लावला. बंद. मग आठवलं, फोन वाजू नये म्हणून मीच बंद करून ठेवायला सांगितलं होतं. साहेबांना काहीतरी सांगितलं, रिक्षा धरली. पुलावर ट्रॅफिक. रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं तर म्हणतो, "ताई, उडू का आता?" रस्ताभर मी ठरवत होते की या बायकांना गेटवरून परत कसं पाठवायचं. म्हणजे जन्माची बोलणी खायची. कुठल्याही लग्नात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. पण पाठवायचं, हे मी ठरवलं. जे बोललेय ते बोललेय.

गेटवर उतरले तर आवाज नाही.

पंपहाऊसच्या सावलीत बाकावर मावशी बसली होती, काळा चष्मा लावून, एखाद्या मंत्र्यासारखी. भोवती सात-आठ बायका, कुणी कठड्यावर, कुणी खाली फतकल मारून. आणि सगळ्या कुजबुजत होत्या. आता ज्या बायका आयुष्यात कधी कुजबुजल्या नाहीत त्यांची कुजबुज कशी असणार? हुस्स हुस्स करून नुसती वाफ सोडल्यासारखी. मधेच एकीचा आवाज वर गेला की मावशी काठीनं तिच्या पायाला टोचायची. वॉचमन बाजूला उभा राहून शहाळं पीत होता.

मला बघून मावशीनं ओठांवर बोट ठेवलं. चौथ्या मजल्याकडे हात केला. "पोरगी झोपलीय."

"तू खाली कशी आलीस?" मीही कुजबुजले. नाइलाज होता.

तर झालं असं होतं: मावशी रोज दुपारी हॉलमध्ये इंटरकॉमच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची, तो अर्धा वाजला की उचलायला. मला हे माहीतच नव्हतं. वॉचमननं सांगितलं की बायका आल्यात, तशी ती म्हणाली, वर कुनाला सोडू नको, तूच वर ये आणि मला खाली ने. चावी घेतली, दार हळूच ओढून घेतलं, आणि पाहुण्यांना खालीच बसवलं. एका म्हातारीनं विचारलंच म्हणे, "आमी वर नाय यायचा? असं कसं घर?" त्यावर मावशीनं जे उत्तर दिलं ते मला त्या म्हातारीनंच सांगितलं. मावशी म्हणाली, "अगो, दर्यावरून आलेला मानूस झोपला म्हंजे तू त्याच्या दारात पाय तरी वाजवतेस काय? ही पोरगी पन रातची दर्यावरच जाते असं समज."

एवढंच. आणि सगळ्यांना पटलं. आमच्या आळीत होडी पहाटे लागते, पुरुष दिवसा झोपतात, आणि त्यांच्या झोपेत कुणी खलबत्तासुद्धा वाजवत नाही. हे मी लहानपणापासून बघितलं होतं. फ्लॅटमेटनं तेच मागितलं तेव्हा मात्र मला अपमान वाटला होता! मी तिथंच कठड्यावर बसले. मला हसायलाही यायला लागलं आणि रडायलाही.

चार वाजून गेले असतील. लिफ्टचं दार उघडलं आणि फ्लॅटमेट धावतच बाहेर आली. गाऊन, विस्कटलेले केस, हातात ड्रॉपची बाटली, चेहरा पांढराफटक. उठली तर मावशी घरात नाही, तिला वाटलं काय झालं कोण जाणे. समोर सात-आठ अनोळखी बायका बघून ती थांबली.

"ही काय ती?" एक बाई अजून कुजबुजतच म्हणाली.

"झाली तुझी झोप?" मावशीनं विचारलं.

"झाली," ती म्हणाली.

"झाली गो!" मावशीनं जाहीर केलं, आणि त्याबरोबर सगळ्यांचे आवाज एकदम सुटले. कोंडून ठेवलेलं ते सगळं एकाच वेळी बाहेर आलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या खिडक्या उघडल्या. मुलगी आधी दचकली आणि मग इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. मग तिनंच सगळ्यांना वर बोलावलं, चहा टाकला. चहाच्या आधी मात्र बजावलं, "मावशींच्या जवळ गर्दी नको, आणि कुणी लाडानं डोळ्याला हात लावायचा नाही." सगळ्यांसमोर तिनं हात धुतले, मावशीनं पंख्याकडे बघत नावं घेतली, आणि आपलं नाव यादीत कितवं येतंय यावरून दोन बायकांत जुंपली.

त्या संध्याकाळी मी फ्लॅटमेटला म्हटलं, "बघायला येणाऱ्यांचं मी तुला सांगायला हवं होतं."

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पण मला माहीतच नव्हतं की असं काही असतं. आता परत येणार असतील तर चारनंतर."

मी भावाला फोन करून आळीत निरोप द्यायला सांगितलं: बघायला यायचं तर चारनंतर. शनिवारी आणखी एक गाडी आली. बरोबर चार वाजल्यानंतर गेटमधून आत शिरली.

पुढच्या सोमवारी तपासणी झाली. डोळा छान. आणि नको होतं तेच झालं, भावाचा फोन. "राऊ दे अजून आठ दिवस. हितं म्हावरा वालत घातलाय, धूल हाय."

तपासणी झाली, बोलले होते तो दिवस हाच. फ्लॅटमेट तर आता बहुतेक हो म्हणेल, पण तिनं भिडेपोटी हो म्हणायला नको होतं. मी विचार करतेय तोच मावशीनं फोन माझ्या हातातून घेतला. "संध्याकाली गाडी घेऊन ये," ती मुलाला म्हणाली. "म्हावरा मागल्या दाराला वालव. सोमवारचा बोल झालाय."

मी चाटच पडले. "तुला कुणी सांगितलं सोमवारचं?"

"कुनी कशाला सांगायला पायजे? तपासणी सोमवारी. आनि तुझा तोंड सोमवारचा नाव निघाला का आंबट होतंय." ती पिशवी भरत होती. वाकायचं नाही म्हणून मी तिच्या हातातून पिशवी काढून घेतली. मग ती म्हणाली, "तू आलीस ना आमच्याकडं, तेवा मी पन इचारला होता."

"कुणाला?"

"सासूला. घर तिचा होता. ती बोलली, पोर ठेव, आपलीच हाय, पन दुपारी मान्सा झोपतात, तिचा आवाज घरात नको. मनून तर तुला दुपारची बोंबलाजवल बसवत होते."

मला दुपारी वाळत घातलेले बोंबील राखायला बसवायचे. कावळे हाकायला, हातात लांब काठी. एवढ्या लहान पोरीवर एवढी जबाबदारी, म्हणून मी फुशारून जायचे! आजवर मला वाटत होतं की त्या दोन वर्षांत त्या घरात मला कुणी काही म्हटलं नाही, कुणी कुणाला विचारलं नाही, मी आपोआपच त्यांची होते. आणि माझ्यासाठी कुणीतरी सासूपुढे उभं राहून विचारलं होतं. मला एकदम भरून आलं. मी मावशीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"रडू नको," ती म्हणाली. "डोल्याला पानी लागू द्यायचा नाय."

"तुझ्या डोळ्याला गं!"

संध्याकाळी भाऊ आला. मुलगी ड्युटीची तयारी करून दारात उभी होती. मावशीनं तिच्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली. मला वाटलं आता नेहमीचं बोलेल, "ये गो आमच्याकडं." पण मावशी तिच्यासमोर सरळ उभी राहिली, काळा चष्मा काढून, आणि म्हणाली, "पोरी, माजा दुसरा डोला बाकी हाय. डाक्टर बोल्ला, मईन्याभरान करू. मी येऊ काय हितं? नाय बोललीस तरी माज्या मनात काय येनार नाय."

मला असं विचारायला जमलं नव्हतं. सामोसे आणूनसुद्धा.

मुलीनं मावशीकडे बघितलं. मग म्हणाली, "मला उद्यापर्यंत वेळ द्या. विचार करून सांगते."

मी तोंड उघडलं होतं. अगदी उघडलंच होतं. पण मावशी खूश होऊन हसली आणि म्हणाली, "सांग. आरामात सांग."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मुलगी म्हणाली, "मावशींचा नंबर लाव आणि फोन माझ्याकडे दे." मी दिला. "मावशी, मी लॅबमध्ये बोलून घेतलं," ती म्हणाली. "तुमचा दुसरा डोळा होईल त्या आठवड्यात मी दिवसपाळी घेतलीय. मी रात्री झोपेन. तुम्ही दुपारी हवं तेवढं ओरडा."

पलीकडून मावशी जे ओरडली, त्यासाठी फोनची गरज नव्हती.